सेकंडहँड सायकलचे फोटो: विक्रेत्याने स्वतः काढलेत की कुठून उचललेत, कसं ओळखायचं?

मेघना_वाचते

नमस्कार. मी बरेच दिवस सेकंडहँड हायब्रिड सायकल शोधते आहे. एक जाहिरात मनात भरली आहे. सायकल जवळजवळ नव्यासारखी दिसते आणि किंमत अशा सायकलींपेक्षा बरीच कमी आहे. विक्रेता बोलायला नीट आहे, पण दोनदा म्हणाला की आणखी दोघे विचारत आहेत, टोकन पाठवलंत तर तुमच्यासाठी थांबवून ठेवतो. सायकल तो सध्या दाखवू शकत नाही, पुढच्या आठवड्यात दाखवेन म्हणतो.

जाहिरातीत पाच फोटो आहेत. "कालच सकाळी पार्किंगमध्ये काढलेत" असं त्याने लिहिलं आहे. पहिल्या फोटोत पूर्ण सायकल आहे, पण फ्रेमच्या नळीवर जिथे कंपनीचं नाव असतं तिथला भाग पुसट आहे. विचारलं तर म्हणाला, "नाव झाकायची माझी सवय आहे." टायरवर अक्षरं आहेत, ती झूम करूनही लागत नाहीत.

मी पहिला फोटो गूगल लेन्सला दिला. त्याच रंगाच्या, तशाच दिसणाऱ्या सायकलींचे ढीगभर फोटो आले, पण हाच फोटो कुठे सापडला नाही. मग त्याच्याकडे मूळ फोटो मागितले. त्याने व्हॉट्सॲपवर पाठवले, फाइलचं नाव `IMG-20250209-WA0013.jpg` आहे. म्हणजे तारीख तर बरोबर आहे, नाही का? तरीही मन धजत नाहीये. फोटो खरे आहेत की नाहीत हे कसं तपासायचं? दोन फोटो खाली जोडते आहे, एक पूर्ण सायकलचा आणि एक हँडलचा.

सुसाट

मेघना, तारीख नावातच आहे की! 20250209 म्हणजे ९ फेब्रुवारी २०२५. खात्री करायची तर फाइल कॉम्प्युटरवर घे, राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघ, तिथे मॉडिफाइड तारीख दिसेल. ती आणि नावातली तारीख जुळली की फोटो त्याच दिवशीचा. आणि डिटेल्समध्ये सॉफ्टवेअरच्या पुढे काही लिहिलेलं असेल तर फोटो एडिट केलेला आहे असं समज. मी जुना लॅपटॉप घेताना असंच तपासलं होतं.

पाऊलवाट

ताई, तुमची उंची किती आहे? हायब्रिडमध्ये फ्रेमचा साइज चुकला तर पाठ धरते. फोटोवरून मला ही मोठी फ्रेम वाटते. आधी ते विचारा, बाकीचं नंतर.

नोंदवही

मेघनाताई, टोकन पाठवू नका, निदान हा धागा पूर्ण होईपर्यंत तरी नको. मी काही वर्षं जाहिरातींची छाननी करायचं काम केलं आहे, त्यामुळे तुमचा फोटो बघताच एक गोष्ट खटकली. ती आधी सांगतो, सुसाट यांच्या मुद्द्याकडे मग येतो.

पहिल्या फोटोत साखळी आपल्याकडे आहे, म्हणजे गिअरची दाती चाकं, मागचा डिरेलर सगळं समोर दिसतंय. आणि पुढचं चाक फोटोच्या डाव्या बाजूला आहे. असं होऊ शकत नाही. सायकलची साखळी स्वाराच्या उजव्या हाताला असते. तुम्ही त्या बाजूला उभ्या राहून सायकलकडे बघितलंत तर पुढचं चाक तुमच्या उजवीकडेच येणार. घरातली कुठलीही गिअरची सायकल बाहेर काढून बघा. त्याचप्रमाणे डिस्क ब्रेकची चकती चाकाच्या डाव्या बाजूला असते. तुमच्या फोटोत ती साखळीच्या पलीकडच्या अंगाला दिसते, म्हणजे सायकल म्हणून मांडणी अगदी बरोबर आहे. फक्त अख्खं चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं आहे.

फोटो आडवा उलटवायला गॅलरीत एक बटण पुरतं. पण उलटवला की फ्रेमवरचं नाव उलटं वाचलं जातं आणि लगेच लक्षात येतं. नाव पुसायचं कारण मला तरी तिथे दिसतं. टायरवरची अक्षरं बारीक असल्यामुळे ती तशीच सुटली असावीत, म्हणूनच तुम्हाला ती लागत नाहीत.

आता हे करा. फोटो परत सरळ करा. फोनच्या गॅलरीत एडिटमध्ये फ्लिप किंवा मिरर असतं. कॉम्प्युटरवर इमेजमॅजिक असेल तर एवढीच ओळ पुरे:

```
magick photo1.jpg -flop photo1_saral.jpg
```

सरळ झालेला फोटो टिनआयला द्या. गूगल लेन्स मुख्यतः 'ही वस्तू कोणती' याचं उत्तर शोधतं, म्हणून तशाच दिसणाऱ्या सायकली आणून देतं. त्यात एक्झॅक्ट मॅचेस नावाचा भाग आहे, तोही उघडून बघा. टिनआयचा रोख वेगळा आहे. ते हाच फोटो, कापलेला, लहान केलेला, रंग बदललेला का असेना, पुन्हा कुठे आलाय ते शोधतं. पण आरशासारखा उलटवलेला फोटो त्याच्या हातून सहसा निसटतो, म्हणून सरळ आणि उलटा असे दोन्ही वेगवेगळे द्यायचे. शोधाआधी फोटोची कड थोडी कापून, फक्त सायकल आणि मागची भिंत ठेवून, आणखी एकदा देऊन बघा.

सुसाट, तारखेबद्दल. व्हॉट्सॲपच्या फाइलनावातली तारीख फोटो काढल्याची नसते. ज्या दिवशी तो त्या फोनवर व्हॉट्सॲपमधून गेला किंवा आला त्या दिवशीची असते. मी माझ्या शाळेच्या गटातला जुना फोटो आज कोणाला पाठवला तर त्याच्या फोनवर आजची तारीख घेऊनच उतरेल. प्रॉपर्टीजमधली मॉडिफाइड तारीख तर बहुतेक वेळा आपण फाइल उतरवली त्या क्षणाची असते. म्हणजे या दोन तारखा जुळणारच, कारण दोन्ही एकाच गोष्टीची नोंद आहेत. फोटो कधी काढला ते आतल्या `DateTimeOriginal` मध्ये असतं, आणि फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप ते काढून टाकतं.

सॉफ्टवेअरचंही तसंच. आयफोन त्या जागी स्वतःच्या सिस्टीमचा आकडा लिहितो, इतर फोनही काही ना काही लिहितात. तिथे काहीतरी आहे एवढ्यावरून फोटो बदललेला ठरत नाही. एखाद्या एडिटिंग ॲपचं नाव असलं तरी त्याने फक्त उजेड वाढवला असेल.

सुसाट

व्हॉट्सॲपचं हे मला माहीत नव्हतं. आत्ता बहिणीला जुना फोटो पाठवून बघितला, तिच्याकडे खरंच आजच्या तारखेने गेला. म्हणजे लॅपटॉपच्या वेळी मी काहीच तपासलं नव्हतं म्हणायचं.

मेघना_वाचते

नोंदवही, तुमचा प्रतिसाद वाचून खाली जाऊन भावाची सायकल बघून आले. खरंच की! साखळीच्या बाजूने बघितलं की पुढचं चाक उजवीकडेच. गेला आठवडाभर मी हा फोटो दिवसातून दहा वेळा बघत होते आणि मला ते दिसलं नाही.

फोटो सरळ केला. टायरवर पहिल्यांदा `700x38C` असं नीट वाचता आलं. पुढे अंगावर काटा आला. टिनआयला उलटा फोटो, म्हणजे जाहिरातीत आहे तसा, दिला तेव्हा शून्य निकाल. सरळ केलेला दिला तेव्हा एक निकाल आला. दुसऱ्याच एका विक्रीच्या साइटवरची जुनी जाहिरात, खाली लिहिलंय की टिनआयला तो फोटो पहिल्यांदा जून २०१९ मध्ये सापडला. तिथे फ्रेमवर कंपनीचं नाव स्वच्छ दिसतं. लिंकवर गेलं तर जाहिरात आता उघडत नाही, पण टिनआयवरून फोटो बघता आला.

जुना फोटो जास्त रुंद आहे. उजवीकडे एक निळी पाण्याची टाकी आणि जिन्याच्या दोन पायऱ्या आहेत, त्या माझ्याकडच्या फोटोत नाहीत. बाकी सगळं मला तरी तेच वाटतं. पण एकाच मॉडेलच्या दोन सायकली असू शकतात ना? हा तोच फोटो आहे हे खात्रीने कसं म्हणायचं?

दगडफूल

मला थोडं थांबावंसं वाटतं. समजा या माणसाने २०१९ च्या जाहिरातीतून तीच सायकल विकत घेतली असेल आणि आता विकताना आळसाने जुनेच फोटो लावले असतील तर? असे लोक मी पाहिले आहेत. आणि काही फोनचा पुढचा कॅमेरा फोटो आरशासारखा उलटाच सेव्ह करतो, त्यामुळे उलटा फोटो म्हणजे लबाडी असं लगेच धरायला नको. कोणाला चोर ठरवण्याआधी एवढं तर बघायला हवं.

नोंदवही

दगडफूल, तुमची पहिली शंका रास्त आहे. फोटो जुना आहे यावरून सायकल त्याची नाही असं सिद्ध होत नाही. पुढच्या कॅमेऱ्याचं मात्र इथे लागू होत नाही. या फोटोचं सरळ रूप जुन्या साइटवर आहे, म्हणजे उलटवणं नंतर झालं.

मेघनाताई, तोच फोटो की तशीच सायकल, हे ठरवायला मॉडेल, रंग, सीट यांच्याकडे बघू नका, ते जुळणारच. जे प्रत्येक वेळी वेगळं पडतं ते बघा. सायकल उभी केली की चाक कुठे थांबेल हे कोणाच्या हातात नसतं. त्यामुळे हवा भरायचा व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्याप्रमाणे कुठे आहे ते दोन्ही चाकांवर बघा. मग पायडलचा दांडा कोणत्या कोनात आहे ते बघा. मग हँडलपासून खाली येणाऱ्या ब्रेकच्या केबलची कमान आणि जमिनीवर पडलेली सावली. ही चारही दोन वेगळ्या फोटोंत तंतोतंत एक येणं जवळजवळ अशक्य आहे, सायकल तीच असली तरी. दोन्ही फोटो शेजारी ठेवा, एकाच मापाचे करा आणि एकेक जुळवा.

टाकी आणि पायऱ्यांचा मुद्दा तुम्ही सहज लिहिलात, पण तो मोलाचा आहे. मोठ्या फोटोतून लहान कापता येतो, लहानातून मोठा करता येत नाही. ज्याच्याकडे जास्त रुंद चौकट आहे तो मूळ फोटोच्या जास्त जवळ. तुमच्या विक्रेत्याने फोटो स्वतः काढला असेल तर टाकी आणि पायऱ्या त्याच्याकडे असायलाच हव्यात. त्यांच्याविषयी काही न बोलता फक्त "न कापलेला फोटो पाठवा" एवढं म्हणून बघा.

टिनआयची तारीख म्हणजे त्यांचा शोधक त्या पानावर पोचला तो दिवस. फोटो त्याआधी कितीही जुना असू शकतो. पण त्या दिवशी तो तिथे होता एवढं नक्की, म्हणून "कालच काढला" हे वाक्य तर तिथेच पडलं.

गौरांगी

माझा अनुभव याच्या दुसऱ्या टोकाचा आहे, म्हणून लिहिते. मी शिलाई मशीन विकायला काढलं होतं. ते विकलं गेलं, जाहिरात काढून टाकली. चार महिन्यांनी एका बाईचा मला मेसेज आला, तुमच्या मशीनचे पैसे भरले, अजून मशीन आलं नाही. कोणीतरी माझे फोटो उचलून दुसऱ्या नावाने जाहिरात केली होती, आणि एका फोटोच्या कडेला माझ्या दुकानाच्या पाटीचं टोक दिसत होतं, त्यावरून तिने मला शोधलं. ती रडत होती आणि तिला वाटत होतं मीच फसवलं. फोटो माझे आहेत पण जाहिरात माझी नाही, हे तिला पटवायला मला दोन दिवस लागले. अशा वेळी काय दाखवायचं असतं?

नोंदवही

गौरांगीताई, वाचून फार वाईट वाटलं. तुमच्या फोनमध्ये मूळ फोटो असतील तर तेच दाखवायचे. कॅमेऱ्यातून निघालेला फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो, त्यात फोनचं मॉडेल, सेकंदापर्यंतची वेळ असं सगळं असतं, आणि त्याच्या आधीचे-नंतरचे न वापरलेले फोटोही तुमच्याकडेच असतात. उचलणाऱ्याकडे जाहिरातीतली लहान झालेली प्रत असते, दुसरं काही नाही. शेजारचे ते न वापरलेले फोटो मला सगळ्यात जास्त पटतात, कारण ते कधी कुठे चढलेलेच नसतात.

फक्त मूळ फाइल जशीच्या तशी अनोळखी माणसाला देऊ नका. लोकेशन चालू असेल तर तुमच्या घराचे अक्षांश-रेखांश तिच्यात असतात. स्क्रीनवर माहिती उघडून त्याचा स्क्रीनशॉट द्या, नकाशाचा भाग झाकून.

दगडफूल

मग हेच विक्रेत्यालाही लागू होतं ना? मेघना त्याच्याकडे मूळ फाइल मागते आहे. तो प्रामाणिक असेल आणि घराचं लोकेशन द्यायचं नसेल म्हणून नकार दिला तर?

नोंदवही

अगदी बरोबर. मूळ फाइल नाकारली म्हणून कोणी खोटा ठरत नाही. दिली तर उपयोग होतो, नाही दिली तर दुसरी वाट धरायची.

मेघना_वाचते

अपडेट देते. व्हॉल्व्ह, पायडल, केबल, सावली चारही जुळवलं. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह दोन्हीकडे पाच वाजल्याच्या जागी, मागचा साधारण अकराच्या. पायडलचा दांडा दोन्हीकडे जमिनीला किंचित तिरपा, पुढे झुकलेला. मागच्या केबलला एक छोटा वळसा पडलाय तोही तसाच. फोटो तोच आहे, यात मला आता शंका नाही.

न कापलेला फोटो मागितला, त्यावर तो म्हणाला, "फोन बदलला, आहे तेवढंच आहे." मग त्याला सांगितलं की व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे दर्जा कमी होणार नाही. त्याने पहिला आणि तिसरा (हँडलचा) असे दोन पाठवले. फोटोच्या आतली माहिती वाचणारं एक्झिफटूल भाच्याने टाकून दिलं. पहिल्यात काहीच माहिती नाही. तिसऱ्यात हे आलं:

```
exiftool -a -G1 -s photo3.jpg

[File]  ImageWidth           : 960
[File]  ImageHeight          : 720
[IPTC]  SpecialInstructions  : FBMD01000a...
```

बाकी कॅमेऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. `FBMD` म्हणजे काय?

सुसाट

कॅमेऱ्याचं नाव नाही, तारीख नाही म्हणजे पुसलेली आहे. मेघना, माणूस खोटा आहे, सोडून दे.

नोंदवही

सुसाट, निष्कर्ष कदाचित बरोबर असेल, पण कारण चुकीचं आहे. माहिती नसणं हा पुरावा नाही. फेसबुक, व्हॉट्सॲप, बहुतेक विक्रीच्या साइट्स फोटो चढवताना ही माहिती काढतातच, स्क्रीनशॉटमध्ये कॅमेऱ्याची माहिती मुळात नसतेच. तुम्ही आणि मी जे फोटो रोज उतरवतो त्यातले बहुतेक असेच रिकामे असतात. पहिल्या फोटोचं रिकामेपण मी कशातच धरत नाही.

तिसऱ्यातलं `FBMD` मात्र बोलकं आहे. फेसबुकवरून उतरवलेल्या फोटोंत बऱ्याचदा `SpecialInstructions` या जागी या चार अक्षरांनी सुरू होणारी लांब ओळ असते. ती कॅमेरा लिहीत नाही, फेसबुक लिहितं. ९६० बाय ७२० हे मापही फेसबुकच्या जुन्या फोटोंत नेहमी दिसणारं. म्हणजे "पार्किंगमध्ये काढला आणि तुम्हाला दिला" या वाटेने ही फाइल आलेली नाही, मध्ये फेसबुक आहे. कोणाच्या खात्यातून आली हे त्या ओळीवरून आपल्याला कळत नाही. त्याने स्वतःच चढवून स्वतःच उतरवली असंही होऊ शकतं. पण मग "फोन बदलला" आणि "कालच काढले" या दोन वाक्यांशी ते कसं जुळवायचं, हे त्याला सांगता यायला हवं.

पहिल्या फोटोत ही ओळ का नाही? तो एडिट करून नव्याने सेव्ह झाला, बरीच ॲप्स असं करताना जुनं सगळं टाकून देतात. तिसऱ्याला कोणी हात लावला नाही, म्हणून खूण राहिली. म्हणून मी नेहमी सांगतो, जाहिरातीतल्या मुख्य फोटोपेक्षा तिसरा-चौथा तपासा. लबाडी करणारा मेहनत पहिल्यावर घेतो.

सुसाट

पटलं. आणि एक करून बघितलं. माझ्याच फोटोची आतली तारीख एक्झिफटूलने एका ओळीत २०१५ केली. झाली! कुठेही कुरकुर नाही. म्हणजे तारीख सापडली असती तरी तिच्यावर किती विसंबायचं?

नोंदवही

एकटीवर नाही. तारीख बाकीच्या गोष्टींशी जुळते का ते बघायचं. फोटोत दुपारची आखूड सावली आणि वेळ संध्याकाळी सातची असेल, किंवा फोनचं मॉडेल एक आणि फोटोचं माप त्या फोनला न शोभणारं असेल, तर विचारायचं. बदलायला सोपी म्हणून ती निरुपयोगी होत नाही, बहुतेक लोक ती बदलायच्या भानगडीत पडत नाहीत.

दगडफूल

मी मेघनाचा पहिला फोटो एरर लेव्हल ॲनालिसिसच्या, म्हणजे बदललेला असू शकेल असा भाग चमकवून दाखवणाऱ्या, साइटवर टाकला. नाव पुसलेली जागा चमकते आहे. पण टायरच्या कडा आणि स्पोकही चमकत आहेत. याचा अर्थ काय लावायचा?

नोंदवही

या फोटोवर काहीच लावू नका. तीव्र कडा त्यात आपोआप चमकतात, न बदललेल्या फोटोतही. शिवाय हा फोटो निदान दोन-तीनदा पुन्हा दाबून सेव्ह झालेला आहे, दर वेळी पूर्वीच्या खुणा मिटत जातात. मूळच्या जवळची फाइल असेल तर ते थोडं उपयोगी, जाहिरातीतल्या प्रतीवर मी ते वापरत नाही. नुसत्या डोळ्यांनी बघा. नळीवर पुसलेल्या जागेत प्रकाशाची जी पांढरी रेघ मागून येते ती मध्येच थांबते आणि पुढे पुन्हा सुरू होते. गोल चकचकीत नळीवर ती सलग असायला हवी. ते नुसतं झाकलेलं नाही, वरून रंगवलेलं आहे.

पाऊलवाट

मी साइजबद्दल विचारलं ते अवांतर झालं, माफ करा. पण एक सुचवतो. सायकलच्या पोटाखाली, पायडलचा आस जिथून जातो त्या जाड नळीच्या खालच्या अंगाला बहुतेक सायकलींवर नंबर ठोकलेला असतो. सायकल उलटी करून त्याचा फोटो मागा. जाहिरातीतून उचललेल्या फोटोंत तो सहसा नसतो, कारण विकणारे त्याचा फोटो काढतच नाहीत.

नोंदवही

उत्तम सूचना. त्यात एक भर घालतो. नुसता "कागदावर नाव लिहून सायकलजवळ ठेवा" असं सांगितलं तर कागद नंतर चिकटवता येतो. त्याऐवजी असं सांगा: कागदावर तुमचं नाव आणि आजची तारीख हाताने लिहा, कागद मागच्या चाकाच्या पलीकडे धरा, म्हणजे स्पोक कागदाच्या पुढून जातील, आणि व्हॉल्व्ह सगळ्यात वर आणून ठेवा. खऱ्या फोटोत प्रत्येक स्पोक अक्षरांना कापत जातो आणि ऊन असेल तर त्याची सावली कागदावर पडते. खरी सायकल समोर असलेल्याला हे दोन मिनिटांचं काम आहे. जुन्या फोटोत हे बसवायचं म्हणजे एकेक बारीक तार अक्षरांवरून ओढायची.

मेघना_वाचते

तीन दिवसांनी लिहिते आहे. नंबरचा आणि कागदाचा, दोन्ही फोटो मागितले, कारणही सांगितलं की फसवणुकीची भीती वाटते म्हणून. नंबरच्या फोटोवर तो म्हणाला, सायकल मित्राकडे आहे. कागदाचा फोटो मात्र रात्री उशिरा आला.

मी तो उघडला आणि आधी व्हॉल्व्ह बघितला. मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह वर नव्हता. यावेळी एक वाजल्याच्या जागी होता. अकराला आरशात धरलं की एक! जाहिरातीतला पहिला फोटोच पुन्हा, तसाच उलटा. आणि कागद स्पोकच्या पुढे होता, एकही तार त्याच्यावरून जात नव्हती, कडेला सावली नव्हती. त्याला लिहिलं की कागद पलीकडे हवा होता आणि व्हॉल्व्ह वर. दोन मिनिटांत मला ब्लॉक केलं.

पैसे पाठवले नव्हते. जाहिरातीची तक्रार केली, त्यात जुना फोटो, टिनआयचा निकाल आणि `FBMD` चं पान जोडलं. जाहिरात काल निघाली.

दगडफूल

आता मीही मान्य करतो. माझी एक शंका मात्र राहतेच. २०१९ मधल्या त्या माणसाला कल्पना तरी आहे का, की त्याचा फोटो असा फिरतो आहे? गौरांगीसारखं कोणी उद्या त्याच्या दारात उभं राहू शकतं.

गौरांगी

मेघना, जुन्या फोटोत ओळख पटेल असं काही आहे का? पाटी, गाडीचा नंबर, काहीही? असेल तर त्याला कळवायला हवं. मला त्या बाईने आधी विचारलं असतं तर आम्हा दोघींचा त्रास वाचला असता.

मेघना_वाचते

टाकी आणि पायऱ्यांशिवाय काही नाही. जुन्या पानाची लिंक वेबॅक मशीनमध्ये घालून बघितली, तिथे ते पान साठवलेलं नाही. फेसबुकच्या ओळीवरून माणूस सापडत नाही हे वर आलंच आहे. ज्या साइटवर जाहिरात होती त्यांना पत्र लिहिलं आहे, त्यांनी त्या वेळच्या सभासदाला कळवावं म्हणून. अजून उत्तर नाही.

सुसाट

आज मी दुसऱ्या एका शहराच्या यादीत तीच सायकल बघितली. नाव पुसलेलं, पुढचं चाक डावीकडे, विक्रेत्याचं नाव वेगळं. यावेळी भिंतही कापली आहे. स्क्रीनशॉट जोडतो. मी सरळ करून टिनआयला दिला, काही आलं नाही. मेघना, तू कोणता तुकडा दिला होतास?

मेघना_वाचते

पूर्ण फोटो, भिंतीसकट. माझ्याकडची सरळ केलेली प्रत तुला व्यक्तिगत निरोपातून पाठवते, व्हॉल्व्ह पाच आणि अकराला आहेत का तेवढं त्या स्क्रीनशॉटशी जुळवून बघ आणि लगेच तक्रार कर.